बुटक्याचे पाय जमिनीवर कसे टेकले: फुकटच्या मोशन क्लिप स्वतःच्या कॅरेक्टरवर बसवल्या त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची तिघांची छोटी टीम, एका गेमचा प्रोटोटाइप करत होतो. एक जण कोड बघायचा, मैत्रीण मॉडेलिंग करायची आणि रिगिंग म्हणजे आतल्या हाडांचा सांगाडा बसवणं आणि अॅनिमेशन माझ्याकडे. मुख्य कॅरेक्टरला आम्ही सगळे बुटक्याच म्हणायचो कारण तो तसाच आहे, मोठं डोकं, आखूड पाय, जाड तळव्याचे बूट आणि गुडघ्यापर्यंत येणारा अंगरखा. त्याचा रिग ब्लेंडरमधे मी हाताने केलेला, चेहऱ्याचे शेप की, अंगरख्याची वेगळी हाडं, सगळं बसवून झालेलं होतं. फक्त हालचाल नव्हती.

चौदा क्लिप हव्या होत्या. उभं राहणं, चालणं, पळणं, उकिडवं बसणं, उडी, वळणं वगैरे. एवढं हाताने की-फ्रेम करायला वेळ नव्हता म्हणून मिक्सॅमो या वेबसाइटवरच्या फुकट क्लिप घ्यायचं ठरलं. तिथल्याच एका तयार कॅरेक्टरवर क्लिप लावून सगळ्या एफबीएक्समधे उतरवल्या, ३० फ्रेमने, `With Skin` निवडून. फाईल जड होते, पण मूळ शरीर समोर दिसतं आणि मूळ पाय कुठे टेकतोय ते डोळ्याने बघता येतं, हे पुढे फार उपयोगी पडलं.

पुढे आकडे लागणार आहेत म्हणून दोघांची मापं इथेच देतो. मूळ कॅरेक्टर १८० सेंमी उंच, बुटक्या १०८. हिपचं हाड मूळच्यात जमिनीपासून १०० सेंमीवर, बुटक्याचं ४८ वर. मांडीच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचा पाय मूळचा ८५, बुटक्याचा फक्त ३४. आणि घोटा मूळचा १० सेंमीवर, बुटक्याचा ११ वर, म्हणजे एवढासा असूनही त्याचा घोटा जास्त उंच, कारण बुटाचे तळवे जाड. ही शेवटची गोष्ट आम्ही सुरुवातीला मोजलीच नव्हती.

अडचण नेमकी काय होती

एकाच दिवशी तीन गोष्टी बिघडल्या आणि त्या एकमेकांत मिसळल्यामुळे कुठली कशामुळे होतेय ते कळेना.

पहिली स्केलची. एफबीएक्स फाईल सेंटिमीटरमधे असते. ब्लेंडर ती आत घेताना हाडं त्याच मोठ्या आकड्यात ठेवतं आणि आख्ख्या आर्मेचरचं, म्हणजे हाडांच्या सांगाड्याचं, स्केल ०.०१ करतं, त्यामुळे पडद्यावर माणूस बरोबर १.८ मीटरचा दिसतो. मला ते ०.०१ बघून चैन पडेना, मॉडेलला स्केल अप्लाय करायची सवय असते ना आपल्याला, तसं मी आर्मेचरलाही `Ctrl+A` करून `Scale` अप्लाय केलं. माणूस दिसायला तसाच राहिला, पण प्ले केल्यावर व्ह्यूपोर्टमधून गायब. झूम आऊट करत गेलो तर पार लांब एक ठिपका चालत होता. एका पावलांच्या चक्रात जो १५० सेंमी पुढे जायचा तो १५० मीटर जात होता.

याचं कारण साधं आहे. अप्लाय केल्यावर हाडं शंभर पट लहान झाली पण अॅक्शनमधल्या हिपच्या लोकेशनच्या की तशाच राहिल्या, आधी १५० म्हणजे सेंमी होते ते आता मीटर झाले. रोटेशनच्या कीमधे लांबीचं माप नसतंच, त्यांना स्केलचं काही घेणंदेणं नाही, म्हणून हातपाय अगदी व्यवस्थित हलत होते. ओळखायची खूण हीच. हातपाय बरोबर आणि आख्खं शरीर भलतीकडे, तर गडबड फक्त हिपच्या लोकेशनची.

दुसरी हिपची उंची. बुटक्याच्या हिपला मूळच्या `mixamorig:Hips` वरून थेट कॉपी लोकेशन लावलं तर तो हवेत लटकला, ४८ च्या जागी १०० वर. अगदी स्वाभाविक आहे ते, मूळचं हिप जिथे आहे तिथेच तो जाऊन बसणार.

तिसरी पायांची. उजवं पाऊल कडेवर कलंडत होतं, डावं त्याच्या उलट बाजूला, आणि दोन्ही पावलं बदकासारखी बाहेर फाकलेली. मॉडेलरने बघितलं आणि म्हणाली, "अरे, याचे घोटे मोडलेत का? बूट मी असे नाही बनवले." ती बरोबर होती, बूट ठीकच होते.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय, बुटक्यालाच मिक्सॅमोच्या ऑटो-रिगरमधे टाकायचं, हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे, जांघ यांवर खुणा लावायच्या आणि तिथलाच रिग घेऊन टाकायचा. क्लिप मग त्याच्याच मापाने मिळतात. पण त्यात माझा रिग जातो, वेट नवीन, अंगरख्याची हाडं नाहीत, चेहऱ्याचं काम पुन्हा. शिवाय अंगरख्यामुळे दोन पाय वेगळे दिसतच नव्हते, गुडघ्यावर खूण लावली तरी कापड पायाबरोबर ओढलं जाणार हे उघड होतं. हा पर्याय आम्ही दहा मिनिटांत बाजूला ठेवला. खरं तर तो अर्धाच बाजूला ठेवायला हवा होता, त्याबद्दल शेवटी लिहितो.

दुसरा, तयार रिटार्गेट अॅडऑन. हाडांच्या नावांच्या जोड्या लावल्या की बाकी तो करतो. आम्ही एक वापरून बघितला, वरचं शरीर छान आलं, पाय तसेच वाकडे. अॅडऑन वाईट होता असं नाही, पण आत काय चाललंय ते मला कळत नसल्यामुळे चूक माझ्या रिगमधे आहे की जोड्यांमधे हे सांगता येत नव्हतं.

तिसरा, हाताने. मूळ आर्मेचर आणि बुटक्याच्या मधे एम्प्टींची, म्हणजे नुसती जागा आणि दिशा असलेल्या रिकाम्या वस्तूंची, एक मधली फळी उभी करायची, बुटक्याची हाडं त्यांच्या मागे नेणारे कन्स्ट्रेंट लावायचे आणि शेवटी ती हालचाल की-फ्रेममधे बेक करायची. एकदा बसायला वेळ लागतो पण नंतर चौदाच्या चौदा क्लिप त्याच सेटअपमधून काढता येतात. मी हा घेतला, मुख्यतः यासाठी की प्रत्येक टप्प्यावर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं.

काय केलं: आधी स्केल

एक निर्णय पटकन घेतला, मूळ आर्मेचरचं स्केल यापुढे कधीच अप्लाय करायचं नाही. ते फक्त नाचून दाखवणार, शेवटी फाईलमधून जाणारच आहे, तर त्याचा ०.०१ आकडा दिसायला घाण असला तरी राहू दे. वर्ल्ड स्पेसमधे कॉपी करताना त्या स्केलचा काही त्रास होत नाही.

पण तोवर मी पाच क्लिपना अप्लाय करून बसलो होतो आणि त्यातल्या दोनमधे हाताने थोड्या दुरुस्त्याही केल्या होत्या. पुन्हा इम्पोर्ट केलं असतं तर त्या गेल्या असत्या. म्हणून तेवढ्यांपुरती हिपच्या लोकेशनची की शंभराने लहान केली. ब्लेंडर ४.२ मधे आर्मेचर निवडून हे चालवायचं, प्रत्येक अॅक्शनवर एकदाच, दोनदा चालवलं तर दोनदा लहान होतं:

```python
import bpy
k = 0.01
act = bpy.context.object.animation_data.action
for fc in act.fcurves:
    if fc.data_path.endswith('].location'):
        for p in fc.keyframe_points:
            p.co.y *= k
            p.handle_left.y *= k
            p.handle_right.y *= k
```

अशा लहान केलेल्या की स्केल अप्लाय झालेल्या आर्मेचरवरच चालतात, ०.०१ च्या आर्मेचरवर लावल्या तर हिप जवळजवळ हलतच नाही. दुरुस्त्या नसत्या तर सरळ नव्याने इम्पोर्ट करणंच बरं, स्क्रिप्टच्या वाटेला जायची गरज नाही.

हिपची उंची: तीनदा आकडा बदलला

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि शिकण्यासारखंही इथेच होतं.

युक्ती अशी की मूळ आर्मेचर आख्खंच लहान करायचं, म्हणजे त्याची पावलं, उसळी, बसणं सगळं त्या प्रमाणात लहान होतं, आणि मग बुटक्याने त्याच्या मागे जायचं. प्रश्न एवढाच की किती लहान.

पहिल्यांदा मी उंचीचं प्रमाण घेतलं, १०८ भागिले १८०, म्हणजे ०.६. उभं राहण्याच्या क्लिपमधे ठीक दिसलं. मग उकिडवं बसायची क्लिप लावली आणि बूट जमिनीत घुसले, जवळजवळ घोट्यापर्यंत. हिशोब केल्यावर कळलं. मूळ माणूस बसताना हिप ४५ सेंमी खाली आणतो. त्याचं ०.६ म्हणजे २७. पण बुटक्याचे गुडघे तेवढ्याच अंशात वाकतात आणि त्याचा पाय आहे ३४ सेंमीचा, ८५ चा नाही, म्हणजे त्या वाकण्याने हिप खाली यायला हवं फक्त १८ सेंमी. उरलेले ९ सेंमी जमिनीत. चालण्यातही तेच, चक्राला ९० सेंमी पुढे सरकत होता आणि पाय मात्र ६० सेंमीचंच पाऊल टाकत होते, ३० सेंमी नुसतं घसरणं.

उंचीचं प्रमाण चुकलं कारण बुटक्याची बरीचशी उंची डोक्यात आहे. डोकं काही चालत नाही.

दुसऱ्यांदा हिपच्या उंचीचं प्रमाण घेतलं, ४८ भागिले १००, ०.४८. खूप सुधारलं, आणि इथेच थांबायचा मोह झाला होता. पण बसताना बूट अजून साडेतीन सेंमीच्या आसपास आत जात होते, ४५ चं ०.४८ म्हणजे २१.६ आणि हवे होते १८. हे साडेतीन सेंमी कुठून आले ते बघायला मी दोन्ही सांगाडे शेजारी उभे केले आणि तेव्हा त्या बुटाच्या तळव्यांवर नजर गेली. हिपच्या ४८ सेंमीमधे घोट्याखालचे ११ सेंमी धरलेत, आणि ते वाकतच नाहीत. वाकतो फक्त मांडी ते घोटा एवढा पाय.

तिसऱ्यांदा तेवढाच पाय मोजला. ३४ भागिले ८५, बरोबर ०.४०. मूळ आर्मेचरचं स्केल ०.०१ चं ०.००४ केलं, जिथे अप्लाय झालं होतं तिथे १ चं ०.४. आता त्याचा घोटा जमिनीपासून ४ सेंमीवर आला आणि बुटक्याचा आहे ११ वर, म्हणून मूळ आर्मेचर आख्खं ७ सेंमी वर उचललं. आणि मग एक फार समाधानाची गोष्ट दिसली, दोन्ही सांगाड्यांचे मांडीचे सांधे ४५ सेंमीवर आणि घोटे ११ सेंमीवर, एकमेकांवर तंतोतंत बसले. मूळ माणसाचे पाय आता जमिनीच्या वर तरंगताना दिसतात पण त्याच्याकडे बघायचंच नाहीये, बुटक्याचे टेकतात.

माप हाताने घ्यायचं असेल तर एडिट मोडमधे मांडी आणि नडगीच्या हाडांची लांबी बघून बेरीज करायची, दोन्ही आर्मेचरच्या. मूळचं आर्मेचर सेंमीमधे आणि बुटक्याचं मीटरमधे आहे हे लक्षात ठेवायचं, नाहीतर भागाकार भलताच येतो.

वाकडी पावलं: दोन वेगळी दुखणी

बराच वेळ मी "पाय वाकडे" ही एकच अडचण धरून चाललो होतो. ती दोन होती, आणि वेगळी कशी काढायची ते असं. क्लिप हळूहळू पुढे सरकवायची आणि बघायचं, पावलाची चूक प्रत्येक फ्रेमला सारखीच आहे का, की हालचालीबरोबर बदलतेय.

बदकासारखं फाकणं प्रत्येक फ्रेमला तेवढंच होतं. म्हणजे ती विश्रांतीच्या पोझमधली चूक. बुटक्याची पावलं मॉडेलमधेच १८ अंश बाहेर वळलेली आहेत, मूळची टी-पोझमधे जवळजवळ सरळ. मूळ पाऊल जेवढं वळतं त्यात हे १८ कायमचे मिळत होते.

कलंडणं मात्र तसं नव्हतं. पाऊल जमिनीवर सपाट असताना ठीक, आणि मूळ माणसाने टाच उचलली की बुटक्याचं पाऊल उचलण्याऐवजी कडेला झुकायचं. हे हाडाच्या रोलचं, म्हणजे हाड स्वतःच्या लांबीभोवती किती फिरलेलं आहे त्याचं. मी लोकल स्पेसमधे रोटेशन कॉपी करत होतो, म्हणजे मूळ हाड स्वतःच्या एक्स अक्षाभोवती फिरलं तर माझं हाडही स्वतःच्या एक्स अक्षाभोवती फिरणार. पण माझ्या पावलाच्या हाडाचा एक्स अक्ष जवळजवळ ९० अंश फिरलेला होता. एडिट मोडमधे हाडांचे अक्ष दाखवायचं चालू केल्यावर एका नजरेत दिसलं.

रोल सरळ दुरुस्त करता आला असता, `Shift+N` ने. विश्रांतीच्या पोझमधे मेश त्याने हलत नाही. पण त्या हाडांवर आधीच केलेली अॅनिमेशन आणि पावलाच्या जागेवरून पाय वाकवणाऱ्या आयकेचा पोल अँगल बिघडतो, आणि माझ्या रिगवर चेहरा-शरीराच्या काही चाचणी क्लिप होत्या. म्हणून रोलला हात न लावता एम्प्टीची वाट धरली.

ते असं केलं. मूळ आर्मेचर `Rest Position` मधे ठेवलं. बुटक्याला तात्पुरता मूळच्या टी-पोझसारखा उभा केला, हात बाजूला आडवे, पावलं सरळ. मग बुटक्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या हाडासाठी एक एम्प्टी घेतली, तिला त्या हाडावर कॉपी ट्रान्सफॉर्म्स लावून `Visual Transform` अप्लाय केलं, कन्स्ट्रेंट काढून टाकला आणि ती एम्प्टी मूळच्या त्याच जागच्या हाडाला पेरेंट केली. आता एम्प्टी फिरते मूळच्या हाडाबरोबर पण तिचे अक्ष बुटक्याच्या हाडाचे, रोलसकट. शेवटी बुटक्याच्या हाडाला त्या एम्प्टीवरून वर्ल्ड स्पेसमधे कॉपी रोटेशन, आणि फक्त हिपला कॉपी लोकेशनही. असे वीसेक वेळा.

पावलं सरळ करताना मी एक चूक केली ती नक्की सांगायला हवी. मी बुटक्याचं पावलाचं हाड मूळच्या पावलाच्या हाडाशी सगळ्या बाजूंनी समांतर केलं. वरून बघितलं तर सुरेख, बाजूने बघितलं तर बुटाचं टोक जमिनीत. कारण घोट्यापासून बोटांकडे उतरणाऱ्या हाडाचा उतार दोघांचा वेगळा आहे, बुटक्याचा घोटा उंच आणि पाऊल आखूड, त्यामुळे त्याचं हाड जास्त तिरकं. तो तिरकेपणा चूक नाही, तळवा सपाट असताना त्याचं हाड तसंच असतं. जुळवायचा असतो तळवा, हाड नाही. मग पहिलं रद्द करून पाऊल फक्त उभ्या अक्षाभोवती फिरवलं, `R` नंतर `Z`, १८ अंश, आणि उताराला हात लावला नाही. बूट सपाट बसले.

इथे मॉडेलरशी थोडा वादही झाला. तिचं म्हणणं, "अरे पण तो फाकून चालतो हीच तर त्याची गंमत आहे, पार सरळ नको करूस." बोलून ठरलं की ८ अंश ठेवायचे, म्हणजे पोझ घेताना पाऊल १८ ऐवजी १० अंशच आत वळवायचं, उरलेलं प्रत्येक क्लिपमधे आपोआप राहतं. हा निर्णय डोळ्यांचा आहे, आकड्यांचा नाही, आणि तो तिचा होता हेच बरोबर होतं.

निकाल

मूळ आर्मेचरवर अॅक्शन बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी बुटक्यावर `Bake Action` केलं, `Visual Keying` आणि `Clear Constraints` चालू करून. कन्स्ट्रेंट जात असल्यामुळे सेटअपची एक प्रत वेगळ्या फाईलमधे ठेवली आणि दरवेळी तिथूनच सुरुवात केली. चौदापैकी बारा क्लिप जवळजवळ आहेत तशा वापरता आल्या. चालण्यात पावलाचं घसरणं दिसत नाही.

उकिडवं बसणं आणि उडीनंतर जमिनीवर येणं या दोघांत बूट अजून साधारण एक सेंमी वरखाली होत होते. बुटक्याची मांडी नडगीपेक्षा आखूड आहे, मूळच्याची उलट, त्यामुळे एकूण पाय जुळला तरी खोल वाकताना थोडा फरक राहतोच, प्रमाणाचा कुठलाही एक आकडा तो भरून काढू शकत नाही. त्या दोन क्लिपमधे पायाला आयके लावून टेकलेल्या फ्रेमपुरतं पाऊल जागेवर धरलं. काही क्लिपमधे हात मोठ्या डोक्यातून आरपार जात होते, ते हाताने बाजूला केले.

आता केलं तर वेगळं काय करेन

ऑटो-रिगरचा पर्याय मी रिग म्हणून नाकारला ते योग्यच होतं, पण माप घेणारा म्हणून तो वापरायला हवा होता. बुटक्याचं अंगरखा-केस काढलेलं साधं शरीर, बुटासकट, तिथे टाकायचं, खुणा लावायच्या आणि सगळ्या क्लिप त्या शरीरावर उतरवायच्या. मग त्या क्लिप बुटक्याच्याच पायांच्या लांबीने येतात, मांडी-नडगीचं प्रमाणही त्याचंच, म्हणजे ०.४० चा शोध, ७ सेंमीचं उचलणं आणि आयकेची बरीच डागडुजी लागली नसती. उरला असता तो फक्त रोल आणि पावलांची दिशा, त्याला एम्प्टीची फळी आहेच. नंतर एका दुय्यम कॅरेक्टरवर मी हे करून बघितलं. खुणा नीट लावायला दोनदा प्रयत्न लागले, गुडघ्याची खूण थोडी खाली गेली तर नडगी आखूड धरली जाते आणि वाकणं भलत्या जागी येतं, पण त्यानंतर हिपला हात लावावा लागला नाही.

दुसरं म्हणजे चाचणीसाठी उभं राहण्याची क्लिप घेणार नाही. तिच्यात हिप जेमतेम दोन-तीन सेंमी हलतं, ०.६ आणि ०.४० मधला फरक दिसतच नाही. सगळ्यात आधी उकिडवं बसणं लावेन, बाजूने, ऑर्थोग्राफिक व्ह्यूमधे, जमिनीच्या रेषेवर नजर ठेवून.